शंभर वर्षांत स्पेन ते सिंध: सुरुवातीची खिलाफत पसरली कशी आणि चालवली कशी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नक्की कोणत्या काळाबद्दल बोलतोय आपण?

साधारण 632 ते 750. 632 मध्ये मदिनेत पैगंबर मुहम्मद वारले आणि अबू बक्र पहिले खलिफा झाले, मग उमर, उस्मान, अली असे चौघे झाले आणि 661 पासून दमास्कसमध्ये उमय्या घराणं बसलं ते 750 पर्यंत. 711-12 मध्ये एका टोकाला तारिक नावाचा सेनापती स्पेनमध्ये उतरला होता आणि दुसऱ्या टोकाला मुहम्मद बिन कासिम हा सेनापती सिंधमध्ये, म्हणजे बघा, जेमतेम ऐंशी वर्षं.

लढायांच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्यामुळे त्या इथे देत नाही. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते लढाई संपल्यानंतरचं. मूठभर लोक, ज्यांना ना ग्रीक येत होतं ना इराणची पहलवी भाषा, त्यांनी एवढ्या मुलखाचा महसूल गोळा केला कसा? म्हणून जास्त जागा त्यालाच दिलीय, आणि त्यातही इजिप्तला, कारण तिथली हवा कोरडी असल्यामुळे त्या काळचे खरेखुरे कागद शिल्लक राहिलेत.

एवढ्या फटाफट जिंकलं कसं पण?

याचं निम्मं उत्तर अरबस्तानाच्या बाहेर आहे. 602 ते 628 अशी सव्वीस वर्षं बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन, कॉन्स्टँटिनोपलवाले) आणि ससानी इराण एकमेकांशी लढत होते. इराण्यांनी सीरिया, जेरुसलेम, इजिप्त सगळं घेतलं, मग सम्राट हेराक्लियसने उलटा मार देत थेट इराकपर्यंत मजल मारली आणि 628 मध्ये इराणचा बादशहा खुस्रो दुसरा स्वतःच्याच लोकांकडून मारला गेला. त्यानंतर चार वर्षांत इराणच्या गादीवर इतके जण बसले आणि उठले की यादी पाठ होत नाही. दोघांची तिजोरी रिकामी, सैन्य थकलेलं, आणि त्याआधीच्या शतकात प्लेगने शहरं ओस पाडलेली. सीरिया आणि इजिप्तमध्ये तर रोमन अंमल परत येऊन पाच-दहा वर्षंच झाली होती, त्यामुळे वीस वर्षांच्या पोराला राज्यकर्ते बदलतात याची चांगली सवय होती.

दुसरं निम्मं उत्तर आतलं. मुहम्मदांच्या मृत्यूनंतर बऱ्याच टोळ्यांनी मदिनेला जकात द्यायचं बंद केलं, अबू बक्रने वर्षभर लढून त्यांना परत आणलं आणि त्यातून पहिल्यांदाच अख्ख्या अरबस्तानची लढणारी माणसं एका हुकमाखाली आली. आपापसात लुटालूट बंद झाली तर मग ही ताकद जाणार कुठे, उत्तरेला. त्यात वाळवंटाचा फायदा होताच. रोमन आणि इराणी सैन्य वाळवंटात पाठलाग करू शकत नव्हतं, अरब मात्र हरले तरी मागे सरकून पुन्हा यायचे. 636 ला यर्मूकच्या लढाईनंतर सीरिया गेला, त्याच सुमारास कादिसियाच्या लढाईनंतर इराक गेला, 642 ला नहावंदनंतर इराणची मोठी फौजच उरली नाही, आणि 651 मध्ये शेवटचा बादशहा यझ्दगर्द मर्वजवळ मारला गेला.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, बरीचशी शहरं लढून पडलीच नाहीत, तह करून आली. दरवर्षी अमुक रक्कम द्या, आमच्या शत्रूला आसरा देऊ नका, बदल्यात जीव, मालमत्ता आणि देवळं-चर्च तुमची. शहरातल्या शहाण्या लोकांनी हिशोब केला आणि सही केली.

जिंकलेली जमीन सैनिकांनी वाटून घेतली असेल ना?

नाही, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. इराकचा सुपीक भाग, ज्याला अरब सवाद म्हणायचे, हातात आल्यावर सैनिकांची मागणी हीच होती की लूट वाटतो तशी जमीनही वाटा. उमरने नकार दिला. त्याचं म्हणणं परंपरेत असं सांगितलं जातं की आज वाटून टाकली तर नंतर येणाऱ्यांना काय उरणार. जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली, त्यावर खराज म्हणजे शेतसारा बसवला, उस्मान बिन हुनैफ नावाच्या माणसाला मोजणीला पाठवलं, आणि त्या पैशातून सैनिकांना पगार सुरू केला. या पगाराला अता म्हणायचे आणि ज्या वहीत नावं असायची ती दिवाण. शब्द ओळखीचा वाटला ना? अरबांनी तो इराण्यांकडून उचलला आणि फिरत फिरत तो आपल्याकडे दिवाणी कोर्टापर्यंत पोचला.

पगार सगळ्यांना सारखा नव्हता. इस्लाम किती लवकर स्वीकारला त्यावर सिनियॉरिटी ठरायची. मुहम्मदांच्या काळातल्या बद्रच्या लढाईत असलेल्यांना वर्षाला 5000 दिरहम म्हणजे चांदीची नाणी, आणि उशिरा आलेल्या साध्या सैनिकाला दोन-तीनशेच, असे आकडे इतिहासकार देतात. ही सिनियॉरिटी पुढे भांडणाचं मूळ झाली, पण तो वेगळा विषय.

सैनिकांना जुन्या शहरांत पसरू न देता वेगळ्या छावण्या वसवल्या, इराकमध्ये बसरा आणि कुफा, इजिप्तमध्ये फुस्तात (आजच्या कैरोचा जुना भाग), पुढे 670 मध्ये ट्युनिशियात कैरवान. पगार हवा तर छावणीत नाव पाहिजे. यामुळे दोन गोष्टी साधल्या, एक म्हणजे थोडे लोक मोठ्या मुलखात विरून गेले नाहीत, आणि दुसरं म्हणजे खेड्यातल्या माणसाला नवा राज्यकर्ता फारसा दिसायचाच नाही. त्याला दिसायचा तोच जुना कर गोळा करणारा.

म्हणजे जुनेच कारकून ठेवले? पुरावा काय?

पुरावा म्हणजे 65 मेंढ्यांची पावती. मस्करी नाही करत. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचा, एक तुकडा आहे, एप्रिल 643 चा, हिजरी 22 चा. फुस्तातच्या दक्षिणेला हेराक्लिओपोलिस नावाचं गाव, अरब त्याला इहनास म्हणत. तिथे अब्दुल्ला बिन जाबिर नावाचा सरदार आपली तुकडी घेऊन आला, त्याला माणसं खाऊ घालायची होती, त्याने तिथल्या दोन स्थानिक अधिकाऱ्यांकडून, क्रिस्टोफोरोस आणि थिओडोराकिओस यांच्याकडून, 65 मेंढ्या घेतल्या आणि पावती दिली. वर ग्रीकमध्ये मजकूर, खाली अरबीमध्ये. ग्रीक भाग लिहिणारा योहान नावाचा ख्रिश्चन लेखनिक, अरबी लिहिणारा इब्न हदीद. अरबी भागात फोड दिलीय, पन्नास एका प्रकारच्या आणि पंधरा दुसऱ्या.

आता विचार करा, अलेक्झांड्रियातून रोमन सैन्य शेवटचं बाहेर पडलं ते 642 च्या सप्टेंबरात. त्यानंतर सात-आठ महिन्यांत, जिंकणारा सरदार हरलेल्यांच्या कारकुनाकडून त्यांच्याच भाषेत पावती करून देतोय. कशासाठी? कारण ती पावती दाखवून गाव वर्षाच्या करातून तेवढी वजावट मागू शकतं. लुटारूला पावती लागत नाही, ज्याला पुढच्या वर्षीही यायचंय त्याला लागते. त्या पपायरसच्या अक्षरावर आणि तारखेवर बरंच काही लिहून झालंय, पण मला त्यातलं हे सगळ्यात भारी वाटतं.

जिझिया किती होता आणि कोणाला?

मुसलमान नसलेल्या, कमावत्या वयाच्या, धडधाकट पुरुषाला. बायका, मुलं, म्हातारे, अगदी कंगाल, यांना माफ. इराकमध्ये ऐपतीप्रमाणे वर्षाला 12, 24 किंवा 48 दिरहम असे तीन दर सांगतात, इजिप्तमध्ये माणशी साधारण 2 दिनार म्हणजे सोन्याची नाणी. बदल्यात ते जिम्मी, म्हणजे राज्याच्या जिम्म्यात असलेले लोक. हो, आपण "ही माझी जिम्मेदारी" म्हणतो तोच तो जिम्मा.

पण पुस्तकातला नियम आणि गावातला व्यवहार यात फरक होता. पहिल्या शतकात जिझिया आणि खराज हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात, आणि बऱ्याच ठिकाणी माणशी कर नव्हताच, अख्ख्या गावाला किंवा शहराला एक ठोक रक्कम ठरलेली असायची आणि ती कोणाकडून किती काढायची हे तिथल्या प्रमुखांनी बघायचं. ही ठोक रक्कम लक्षात ठेवा, पुढे हिनेच घात केला.

सुरुवातीला हे ख्रिश्चन आणि ज्यूंसाठी होतं, मग झरतुष्ट्री आले आणि त्यांनाही तोच दर्जा दिला, आणि सिंध घेतल्यावर तिथल्या हिंदू-बौद्धांनाही. बलाझुरी या नवव्या शतकातल्या इतिहासकाराने मुहम्मद बिन कासिमच्या तोंडी असं वाक्य दिलंय की इथली देवळं आमच्या दृष्टीने ख्रिश्चनांची चर्च, ज्यूंची सिनेगॉग आणि मगींची म्हणजे झरतुष्ट्र्यांची अग्निमंदिरं यांच्यासारखीच.

तलवारीच्या धाकाने सगळ्यांना मुसलमान केलं असं म्हणतात, आणि दुसरीकडे म्हणतात की लोकांनी स्वागतच केलं. खरं काय?

दोन्ही बाजू सोयीचं तेवढंच सांगतात.

लढाया झाल्या, माणसं मारली गेली, गुलाम केली गेली. इजिप्तचंच बघा. अरब सेनापती अम्र बिन आस 639 च्या शेवटी सुमारे 4000 माणसं घेऊन आला, मागून कुमक आली. तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचं कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चशी धर्ममतावरून वाकडं होतं, त्यांचा धर्मगुरू बेन्यामिन वर्षानुवर्षं लपून बसला होता आणि अम्रने त्याला अभय देऊन परत आणलं हे खरंय. स्वागतवाले इथे थांबतात. पण निकिऊचा बिशप योहान, जो स्वतः कॉप्ट होता आणि त्याच शतकातला होता, तो निकिऊ शहरातल्या कत्तलीबद्दल आणि नंतरच्या करांच्या ओझ्याबद्दल लिहितो. म्हणजे जुना मालक नकोसा होता म्हणून नवा आवडला असं होत नाही.

धर्मांतराचं म्हणाल तर शंभर वर्षांनंतरही इजिप्त, सीरिया, इराण इथे मुसलमान अल्पसंख्यच होते, बहुमत व्हायला आणखी काही शतकं गेली. आणि जी सत्ता जिझियावर चालते तिला सगळे मुसलमान झाले तर परवडलंही नसतं, हे थोडं खवचटपणे म्हणतोय पण खाली खुरासानचं वाचा म्हणजे कळेल.

एखादा अधिकारी प्रत्यक्षात काय काम करायचा याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि मस्त आहे. 1901 च्या सुमारास वरच्या इजिप्तमध्ये कोम इश्काव या गावात पपायरसचा मोठा साठा मिळाला. या गावाचं जुनं नाव अफ्रोडिटो. त्यात कुर्रा बिन शरीक, जो 709 ते 714 इजिप्तचा सुभेदार होता, त्याने तिथल्या बसिलिओस नावाच्या जिल्हाप्रमुखाला पाठवलेली पत्रं आहेत. बसिलिओस ख्रिश्चन. त्याला अरबी आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत पत्रं यायची आणि गावाचा आतला व्यवहार कॉप्टिक या तिथल्या भाषेत चालायचा.

पत्रं वाचली की वाटतं मंत्रालयातून तहसीलदाराला आलेली आहेत. सूर तोच. तुझी बाकी अजून आली नाही, सैनिकांच्या आणि त्यांच्या बायकामुलांच्या अताची वेळ झालीय, मोहिमेचीही वेळ झालीय, तर हातात असेल तेवढं ताबडतोब पाठव आणि पुन्हा पत्र लिहायला लावू नकोस. बघा साखळी कशी पूर्ण होते, अफ्रोडिटोच्या शेतकऱ्याचा दिनार फुस्तातच्या सैनिकाच्या घरी जातोय, आणि मधला एकही टप्पा नुसता तलवारीचा नाही, कागदाचा आहे.

मागण्या नुसत्या पैशाच्या नव्हत्या. सोनं वेगळं, धान्य वेगळं, शिवाय आरमारासाठी खलाशी, गलबतांसाठी साहित्य, दमास्कसच्या मशिदीच्या आणि जेरुसलेमच्या बांधकामावर कारागीर, त्यांच्या खर्चासकट. गावात एवढे खलाशी नसतील तर त्यांच्या जागी पैसे भरायचे, म्हणजे तेही शेवटी करच झाला.

काही पत्रं तक्रारींची आहेत. अमुक माणूस माझ्याकडे आला, त्याचं म्हणणं असं की तुझ्या भागातल्या तमुक शेतकऱ्याकडे त्याचे पैसे अडकलेत. त्याने पुरावा दिला तर वसूल करून दे, त्याच्यावर अन्याय होऊ देऊ नकोस, आणि प्रकरण वेगळंच असेल तर मला कळव. म्हणजे साधा माणूस सुभेदारापर्यंत पोचत होता, निदान काही जण तरी.

आणि मग येतात पळून गेलेले. कर झेपला नाही की कुटुंब उठून दुसऱ्या गावात जायचं, किंवा मठात, कारण संन्याशांना आधी जिझिया नव्हता. मठ भरायला लागले तेव्हा आठव्या शतकाच्या तोंडावर संन्याशांची मोजणी करून त्यांच्यावरही माणशी एक दिनार बसवला. कुर्राच्या पत्रांत पळालेल्यांच्या याद्या करा, त्यांना परत पाठवा, लपवणाऱ्याला दंड करा असे हुकूम परत परत येतात. हुकूम परत परत येतोय याचा अर्थच तो पाळला जात नव्हता. पुढे तर गावाबाहेर कामाला जायचं तर परवानापत्र लागायला लागलं, ज्यात नाव, गाव, चेहऱ्यावरच्या खुणा आणि मुदत लिहिलेली असायची, आणि कारण काय, तर जिझिया भरण्यापुरतं आणि पोटापुरतं कमवायला.

मग हे सगळं बिनबोभाट चाललं?

नाही, शंभर वर्षांच्या आत इजिप्तमध्ये बंड झालं. 725 च्या आसपास इजिप्तचा महसूल बघणाऱ्या उबैदुल्ला बिन हबहाबने खलिफा हिशामला कळवलं की जमिनीला वाढ झेपेल, आणि प्रत्येक दिनारमागे एक किरात वाढवला. एक किरात म्हणजे दिनाराचा चोविसावा भाग, जेमतेम चार टक्के. तेवढ्यावर नाईलच्या मुखाजवळच्या डेल्टातले कॉप्ट उठले. चार टक्क्यांनी कोणी मरत नाही हो, पण त्याच्या आधी मोजणी, परवाने, पळालेल्यांची धरपकड हे सगळं साचलेलं होतं.

अरबी भाषा कधी आली? आणि नाणी?

पहिली पन्नास-साठ वर्षं इराकचे हिशोब पहलवीत, सीरिया-इजिप्तचे ग्रीकमध्ये. नाणीही जुन्याच छापाची. इराणकडच्या दिरहमवर खुस्रोचं चित्र, मागे अग्निकुंड, आणि कडेला बारीक अक्षरात बिस्मिल्ला. दमास्कसच्या खजिन्यात सर्जून बिन मन्सूर नावाचा ख्रिश्चन मुख्य होता, त्याचं घराणं रोमन काळापासून हेच काम करत होतं.

बदल केला खलिफा अब्दुल मलिकने (685-705). 696-97 पासून बिनचित्राचा, फक्त अक्षरांचा सोन्याचा दिनार, वजन साधारण 4.25 ग्रॅम. इराकचे दफ्तर 697 च्या सुमारास अरबीत आलं, सीरियाचं 700, इजिप्तचं 705-06. सीरियाबद्दल बलाझुरी एक किस्सा देतो की एका ग्रीक कारकुनाने शाईत घालायला पाणी मिळालं नाही म्हणून दौतीत लघवी केली, ते खलिफाला कळलं आणि त्याने भाषाच बदलून टाकली. किस्साच आहे, खरं कारण उघड आहे, ज्याला वही वाचता येत नाही त्याने कारकुनावर किती दिवस विश्वास ठेवायचा. पण भाषा बदलली म्हणून माणसं लगेच बदलली नाहीत, बरेच जुने कारकून अरबी शिकले आणि त्याच गादीवर बसून राहिले.

लोक मुसलमान झाले की कर माफ व्हायचा ना?

व्हायला हवा होता. हीच या यंत्रणेची सगळ्यात कच्ची बाजू, आणि ती सगळ्यात स्पष्ट दिसते खुरासानमध्ये, म्हणजे इराणचा ईशान्य भाग आणि त्याच्या पलीकडे.

मर्वसारख्या शहरांनी सुरुवातीला तह केला तो ठोक रकमेचा. रक्कम स्थानिक जमीनदारांनी, ज्यांना दिहकान म्हणत, गोळा करून द्यायची. आता समजा शंभर घरांतली तीस मुसलमान झाली. रक्कम तीच, मग उरलेल्या सत्तरांवर बोजा, किंवा दिहकानच्या खिशाला खड्डा. साहजिकच दिहकान नवमुसलमानांना सोडायला तयार नसायचा, आणि अरब सुभेदारालाही आकडा कमी झालेला चालायचा नाही. इराकमध्ये सुभेदार हज्जाजने तर शहरात पळून आलेल्या नवमुसलमान शेतकऱ्यांना परत गावी हाकलून कर घेतला. या बिगरअरब मुसलमानांना मवाली म्हणायचे (आपल्या मराठी "मवाली"चं मूळही याच शब्दात सांगतात).

खलिफा दुसरा उमर (717-720) याच्याकडे खुरासानहून तक्रार गेली की 20,000 मवाली बिनपगारी लढतायत आणि तेवढेच लोक मुसलमान होऊनही कर भरतायत. त्याने कर बंद करायला सांगितलं. मग लोक भराभर मुसलमान व्हायला लागले, तेव्हा सुभेदाराच्या कानावर घातलं गेलं की हे करासाठी होतायत, सुंता झालीय का तपासा. त्यावर उमरचं उत्तर प्रसिद्ध आहे, अल्लाने मुहम्मदांना हाक मारायला पाठवलं होतं, सुंता करायला नाही.

पण तो दोन-अडीच वर्षांत वारला. 728 मध्ये अश्रस नावाच्या सुभेदाराने समरकंदच्या भागात पुन्हा जाहीर केलं, मुसलमान व्हा, जिझिया माफ. लोक आले, मशिदी बांधल्या, आणि वसुली कोसळल्यावर त्यानेच पुन्हा कर लावायचा हुकूम काढला. सगळा सोग्द प्रदेश उठला, आणि काही अरबांनीही बंडखोरांची बाजू घेतली कारण शब्द त्यांनी दिला होता. 747 मध्ये अब्बासी घराण्याच्या बाजूने अबू मुस्लिमने बंडाचे काळे झेंडे उभारले ते याच खुरासानमध्ये, आणि तीन वर्षांत उमय्या घराणं संपलं.

आपल्या महाराष्ट्रापर्यंत हे कधी आलं होतं का?

राज्य म्हणून नाही, पण नाव येतं, आणि तेही अगदी सुरुवातीला. बलाझुरी लिहितो की पहिल्या उमरच्या काळात, 636 च्या सुमारास, ओमानच्या सुभेदाराने, उस्मान बिन अबील आस त्याचं नाव, समुद्रमार्गे एक तुकडी ठाण्याला पाठवली. हो, आपलंच ठाणं. ती परत आली आणि त्याने खलिफाला कळवलं, तर शाबासकी सोडाच, उमरने उलट झापलं: तू किड्याला लाकडावर बसवून समुद्रात सोडलंस, ती माणसं बुडाली असती तर तेवढीच माणसं मी तुझ्या टोळीतून वसूल केली असती. मदिनेतल्या माणसाला समुद्राचा भरवसा नव्हता.

नंतर शंभर वर्षांनी सिंधच्या अरब फौजा गुजरातेतून दक्षिणेकडे निघाल्या तेव्हा बदामीच्या चालुक्यांच्या गुजरात शाखेतल्या पुलकेशीने त्यांना नवसारीजवळ हरवलं. त्याच्या 739 च्या ताम्रपटात अरबांना ताजिक म्हटलंय, त्यांनी सिंध, कच्छ, सौराष्ट्र वगैरे कोणाकोणाला हरवून इथवर धडक मारली त्याची यादी आहे, आणि या विजयाबद्दल पुलकेशीला बदामीच्या राजाकडून पदव्या मिळाल्याचंही त्यातच लिहिलंय.